दोन आखाजी आणि एक घर : महामारीत वाढलेल्या पिढीवर नेमकं काय उरतं

खान्देशात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं. लेकी माहेरी येतात त्याही आखाजीला. म्हणून २०२० आणि २०२१ ही वर्षं इथल्या माणसाला आठवायला सांगायची असतील, तर तारीख विचारू नये, आखाजी विचारावी. २०२०ची आखाजी २६ एप्रिलला आली. तेव्हा टाळेबंदी होती, रस्ते ओस होते. २०२१ची १४ मे रोजी आली, ती ऐन दुसऱ्या लाटेत. या दोन आखाज्यांच्या आगेमागे घरात जे निर्णय झाले, त्यातले काही आजपर्यंत फिरवता आलेले नाहीत. आमच्या मते या पिढीवरचा ठसा मुख्यतः तिथे आहे. भीती ओसरते, आठवण पुसट होते, निर्णय मात्र उरतो आणि माणूस त्याच्या जागेवरून जगाकडे पाहू लागतो.

हे दाखवायला एक घर घेऊ. घर नमुन्याचं आहे. अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या कोरडवाहू गावांत जी परिस्थिती घरोघर दिसते, ती एका घरात एकत्र मांडली आहे, आणि घरातले रुपये व वर्गातली डोकी हिशोब समजावा म्हणून धरली आहेत. परीक्षांचे निकाल, शासनाचे निर्णय, हमीभाव आणि संशोधकांचे निष्कर्ष खरे आहेत.

घरात पाच माणसं महत्त्वाची. आजोबा १९५८चे, बहात्तरच्या दुष्काळात चौदा वर्षांचे. वडील १९७६चे, सुरतेला लूमवर कामाला. गावी दोन एकर कापूस आणि एक बैलजोडी. थोरला मुलगा २००० सालचा, लष्कर भरतीसाठी रोज पहाटे धावणारा. मुलगी २००५ची, २०२०-२१ला दहावीत. धाकटा २०१४चा, जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेला. एकच घर, एकच संकट आणि पाच वयं.

फटका किती, हे आधी मोजावं

‘कोरोनाचा त्रास झाला का?’ या प्रश्नाला प्रत्येक घर ‘झाला’ म्हणतं, त्यामुळे त्या उत्तराचा उपयोग नाही. ग्लेन एल्डर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९३०च्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्याने एक साधी रेघ मारली : १९२९ ते १९३३ या काळात ज्या घराचं उत्पन्न ३५ टक्क्यांहून जास्त घसरलं ते ‘ओढगस्तीचं घर’, बाकीची त्या मानाने सावरलेली. रेघ कुठे मारावी यावर वाद घालता येईल, पण ती मारल्याशिवाय पुढचा अभ्यास होत नाही, कारण सगळ्यांना सारखंच लागलं असं धरलं की ठसा कशामुळे उमटला ते कळायचा मार्गच बंद होतो.

आपल्या घराचा हिशोब असा. वडिलांची सुरतेतली कमाई महिना १५,००० रुपये, म्हणजे वर्षाची १,८०,०००. कापूस दहा क्विंटल. २०१९-२०चा लांब धाग्याचा हमीभाव ५,५५० होता, त्या भावाने ५५,५००. एकूण २,३५,५००. मग २४ मार्च २०२०च्या रात्री घोषणा झाली, लूम थांबले, वडील नवापूरमार्गे गावी परतले. सहा महिने शून्य कमाई आणि नंतरचे सहा महिने १२,००० धरले, तर वर्षाचे ७२,००० झाले. सरकारी कापूस खरेदी टाळेबंदीत अडकली होती, घरात ढीग पडून होता. गरज होती म्हणून तो गावात येणाऱ्या व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीत ४,५००ने गेला : ४५,०००. एकूण १,१७,०००. घसरण निम्म्याची, ५० टक्क्यांच्या जराशी वर. घर रेघेच्या पार पलीकडे जातं.

या मोजणीत दोन चुका हमखास होतात. लोक शून्य कमाईचे महिने सांगतात आणि रेशनवर माणशी पाच किलो जे फुकट धान्य आलं ते सांगायचं विसरतात, त्यामुळे फटका फुगतो. उलट, घरातली काय वस्तू विकली ते कोणी आपणहून सांगत नाही, आणि तिथे फटका झाकला जातो. या घराने त्या पावसाळ्याआधी बैलजोडी विकली. रोख रक्कम हाती आली, म्हणून ‘आमचं भागलं’ हे त्यांचं उत्तर खोटं नव्हतं. पण पुढच्या प्रत्येक हंगामात नांगरट-वखरणीला ट्रॅक्टरचे पैसे मोजावे लागले. म्हणून ‘किती कमी आलं?’ याच्या लगेच मागे ‘त्या वर्षी दावणीवरून, कपाटातून, सातबाऱ्यावरून काय गेलं?’ हे विचारावंच लागतं.

पाच वयांना तेच वर्ष किती जड?

आर्थिक अनुभवाचं ओझं वयाप्रमाणे कसं बदलतं, यावर उल्रिके माल्मेंडियर आणि स्टेफान नागेल यांनी २०११मध्ये एक कामाची मांडणी प्रसिद्ध केली. ज्यांनी आयुष्यात शेअर बाजाराची वाईट वर्षं पाहिली, ती माणसं पुढे कमी जोखीम घेतात. अलीकडची वर्षं जास्त वजनाची असतात, पण कित्येक दशकांपूर्वीचीही पूर्ण शून्य होत नाहीत, असं त्यांना अमेरिकी कुटुंबांच्या आकडेवारीत दिसलं. त्यांच्या सूत्राचं सगळ्यात सोपं रूप बोटांवर करता येतं. प्रत्येक वर्षाला, त्या वर्षी आपलं जे वय होतं तेवढं वजन द्यायचं आणि आजवरच्या सगळ्या वजनांच्या बेरजेने भागायचं.

मुलीचं वय २०२६मध्ये २१. एक ते वीस यांची बेरीज २१०. २०२०ला ती पंधराची, २०२१ला सोळाची, म्हणून ३१ भागिले २१०, जवळपास १५ टक्के. वडील पन्नाशीचे. एक ते एकोणपन्नास १,२२५. ४४ अधिक ४५ म्हणजे ८९. साधारण ७ टक्के. थोरल्याचे साडेबारा टक्के येतात, आजोबांचे साडेपाच, आणि बारा वर्षांच्या धाकट्याचे जवळपास वीस. तीच दोन वर्षं नातवाच्या आयुष्यात आजोबांच्या साडेतीन पट जागा व्यापतात. तरुणांवर संकटाचा ठसा खोल का उमटतो याचं निम्मं उत्तर या भागाकारात आहे : त्यांच्याकडे तुलनेला दुसरी वर्षंच नसतात.

आता हेच गणित २०३६साठी करू. मुलगी ३१ वर्षांची होते आणि तिचं ओझं पावणेसात टक्क्यांवर येतं. वडिलांचं पाचवर. दोघांतला साडेसात टक्क्यांचा फरक दोन टक्क्यांच्या आत येतो. म्हणजे ठसा टिकेल की नाही, हे बरंचसं मधल्या दहा वर्षांत काय घडतं यावर ठरतं. वडिलांच्या बाबतीत हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. टाळेबंदीत मातीमोल विकलेल्या कापसाची आठवण त्या एका वर्षाने इतकी मागे ढकलली, की २०२२-२३ला खान्देशात घरोघर कापूस साठवून ठेवला गेला. ओसरीत, झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस, लेकराबाळांच्या अंगाला खाज, आणि तोंडी एकच वाक्य : दहाच्या आत द्यायचा नाही. भाव सात-आठ हजारांवर आला. ताज्या अनुभवाचं वजन किती, हे त्या ढिगाइतकं स्पष्ट दुसरं कशात दिसणार नाही.

पण या सूत्राला दोन जागी तडा जातो. पहिली जागा आजोबांची. १९७२ आणि १९७३ यांचं त्यांच्यावरचं आजचं वजन काढलं तर २९ भागिले २,२७८, म्हणजे सव्वा टक्का. सूत्राच्या हिशोबाने तो दुष्काळ त्यांच्या मनातून गेलेला असायला हवा. प्रत्यक्षात त्या वयाची माणसं अजूनही नवी ज्वारी आली तरी जुनी संपवत नाहीत, आणि पंगतीत पानात टाकलेलं अन्न पाहिलं की दुष्काळात परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची गोष्ट काढतात. मे १९७३मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते हेच लाखो घरांचं उत्पन्न होतं. चौदा वर्षांचा मुलगा त्या कामावर हजेरीला लागला, तो शाळेत परतला नाही. त्याचं पुढचं आयुष्य सातवी पास माणसाचं आयुष्य झालं. तिथे सव्वा टक्का ही आठवण आहे, आणि बाकी सगळा निर्णय. शिवाय कणगीतली जुनी ज्वारी ही घराची रीत बनली, आणि रीत ज्यांनी दुष्काळ पाहिलाच नाही त्यांच्यापर्यंतही जाते.

दुसरी जागा धाकट्याची. सूत्र म्हणतं की तो बावीस वर्षांचा होईल तेव्हा त्याच्यावरचं ओझं साडेपाच टक्क्यांच्या आसपासच उरेल, बहिणीहूनही कमी. पहिली-दुसरीत न बसलेल्या अक्षराला मात्र हा भागाकार लागू पडत नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ.

दहावीची गुणपत्रिका आणि ‘मेहनत की नशीब’

पाओला जुलियानो आणि अँटोनियो स्पिलिंबर्गो यांनी २०१४मध्ये अमेरिकी आकडेवारीवरून दाखवलं, की १८ ते २५ या वयात ज्यांच्या भागात मोठी मंदी आली, ती माणसं पुढेही यश मेहनतीपेक्षा नशिबाने मिळतं असं जास्त मानतात, सरकारने गरिबांना मदत करावी असंही जास्त म्हणतात. पण सार्वजनिक संस्थांवर ती विश्वास कमी ठेवतात, असंही याच अभ्यासाच्या २००९च्या मसुद्यात नोंदलं होतं. मदत हवी आणि देणाऱ्यावर भरवसा नाही, ही जोडी नीट लक्षात घ्यावी. साथींच्या बाबतीतही याच वयात अनुभव आलेल्यांचा सरकार, नेते आणि निवडणुका यांवरचा विश्वास घटलेला दिसतो, असा बॅरी आयकेनग्रीन आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष आहे.

आपली मुलगी त्या वयाच्या चौकटीत बसत नव्हती, ती सोळाची होती. पण अमेरिकेतली चौकट जशीच्या तशी इथे आणणं आम्हाला पटत नाही. खान्देशातल्या कोरडवाहू घरातल्या मुलीच्या आयुष्याचा मोठा फाटा अठराव्या वर्षानंतर लागत नाही, तो दहावीच्या निकालाशी लागतो. पुढे शिकवायचं का, कुठल्या शाखेला, कुठल्या गावी, की स्थळं पाहायची, हे सगळं जून-जुलैत ठरतं. म्हणून तिची गुणपत्रिका जवळून पाहावी लागते.

२० एप्रिल २०२१ला राज्याने दहावीची परीक्षा रद्द केली. मग शंभर गुण असे वाटले : दहावीच्या वर्षातल्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाला ३०, तोंडी-प्रात्यक्षिक-गृहपाठाला २०, आणि नववीच्या अंतिम निकालाला ५०. पण या मुलांची नववी २०१९-२०ची. शाळा मार्च २०२०च्या मध्यात बंद झाल्या आणि नववीची वार्षिक परीक्षा झालीच नाही. पहिल्या सत्राच्या आणि चाचण्यांच्या गुणांवर सगळे वर गेले होते. म्हणजे दहावीच्या निम्म्या गुणांचा पाया २०१९च्या दिवाळीआधी घातला गेला होता, आणि तो घातला जातोय हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं. नववीत दुर्लक्ष झालं, दहावीत भरून काढू, असं ठरवून जिने कर्जाच्या मोबाईलवर रात्र रात्र अभ्यास केला, तिच्या हातात फक्त उरलेले पन्नास होते, आणि त्यातही बराचसा शिक्षकांचा अंदाज. १६ जुलैला निकाल लागला : ९९.९५ टक्के. अकरावीसाठी २१ ऑगस्टला सामायिक परीक्षा घ्यायची ठरली होती. मेहनत दाखवायची ती एक संधी उरली होती, तीही मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली.

यानंतर तीच मुलगी ‘नशीबना खेळ से’ म्हणाली, तर तिला दैववादी ठरवू नये. तिने जे पाहिलं तेच ती सांगते आहे. तिच्या आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या मोजमापात मेहनत आणि फळ यांचा धागा खरोखर तुटलेला होता. त्यात गावात ‘कोरोना बॅच’, ‘ढकलपास’ हे शब्द चिकटले. मुलाखतीत ‘तुमची परीक्षा झाली नव्हती ना?’ असं कोणी विचारलं की ते शब्द पुन्हा ताजे होतात.

एक इशारा इथेच द्यायला हवा. निकालाच्या टक्केवारीवरून बॅचची कुवत किंवा मनोवृत्ती काढू नये. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ला ८९.४१, २०१९ला ७७.१०, २०२०ला ९५.३०, २०२१ला ९९.९५, २०२२ला ९६.९४ आणि २०२३ला ९३.८३ टक्के. २०१९ची खोल घसरण प्रामुख्याने तोंडी परीक्षेचे गुण काढल्यामुळे होती, पुढच्या वर्षी ते परत दिले गेले. तुलनेला महामारीआधीची बॅच म्हणून कोणी सहज २०१९ची घेतली, तर तो दुसऱ्याच एका धक्क्याशी तुलना करत बसेल. २०१८ची घेतलेली बरी.

थोरल्याचं वय निघून जातं

अठरा ते पंचवीसच्या चौकटीत बरोबर बसतो तो थोरला. लष्करात शिपाई भरतीची वरची वयोमर्यादा २१ होती. तो २०२१ला एकवीसचा झाला, आणि २०२० ते २०२२ मेळावे बहुतांशी थांबलेलेच राहिले. जून २०२२ला अग्निपथ योजना आली, त्या वर्षापुरती मर्यादा २३ केली गेली. त्याला संधी मिळाली, पण ती चार वर्षांच्या नोकरीची, आणि धावण्याच्या सरावाचा दोन वर्षांचा खंड पायात घेऊन. सोळाशे मीटरची वेळ पंधरा-वीस सेकंदांनी मागे गेली की मेळाव्यात पहिल्याच फेरीत बाहेर जावं लागतं.

कॅनडातल्या पदवीधरांवर ओरिओपौलोस, फॉन वाख्टर आणि हाइझ यांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की मंदीत नोकरीला लागलेल्यांचा पगार सुरुवातीला साधारण नऊ टक्के कमी असतो, पाच वर्षांत तूट निम्मी होते आणि दहा वर्षांत बहुतेक भरून निघते. हा दिलासा थोरल्याला लागू होत नाही. तिथे माणूस नोकरी बदलत बदलत वर चढतो. वयोमर्यादेच्या दाराला ती शिडी नसते, वय उलटलं की दार बंद. म्हणून खान्देशात ठशाचा अभ्यास करताना ज्यांचं स्वप्न वयाला बांधलेलं होतं त्यांची नोंद वेगळी ठेवावी. पोलीस, लष्कर, स्पर्धा परीक्षा ही मुलं आणि दुकान-गॅरेज-शेतीत गेलेली मुलं यांची सरासरी एकत्र काढली, तर दोन्हींबद्दल चुकीचं चित्र मिळतं.

वर्ग कसा तपासायचा

आता घरातून वर्गात येऊ. मुलीच्या वर्गाचा अभ्यास करायचा असेल तर पहिला प्रश्न : यादी कुठली घ्यायची? सोय पाहिली तर दहावीची निकालपत्रिका किंवा वर्गमित्रांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. दोन्ही चूक. नववीचा, म्हणजे २०१९-२०चा हजेरीपट घ्यावा, आणि कोण कधी शाळा सोडून गेलं ते जनरल रजिस्टरमधून जुळवावं. जी मुलं त्या उन्हाळ्यात गळाली, ती दहावीच्या यादीत नसतात, आणि सगळ्यात खोल ठसा त्यांच्यावरच असतो.

फरक किती पडतो ते पाहा. समजा हजेरीपटावर ४२ नावं आहेत. त्यातली १६ घरं ३५ टक्क्यांच्या रेघेपलीकडची, २६ अलीकडची. ओढगस्तीच्या सोळातली सहा मुलं दहावीपर्यंत पोचलीच नाहीत : कोणी सुरतेला, कोणी केळीच्या कापणीवर घड वाहायला, कोणाचं लग्न. दुसऱ्या गटातलं एकच गळालं. प्रत्येकापुढे दोन वाट्या ठेवायच्या, एक मेहनतीची, एक नशिबाची, आणि हातात हरभऱ्याचे दहा दाणे द्यायचे. ‘तुझ्या ओळखीतली जी मुलं पुढे गेली ती कशामुळे गेली, तसे दाणे टाक.’ तोंडी विचारलं तर सगळे ‘दोन्ही’ म्हणून मोकळे होतात. दाणे टाकताना हात थबकतो, एखादा दाणा उचलून दुसऱ्या वाटीत जातो, आणि ती हालचालच खरं उत्तर असते.

शाळेत टिकलेल्या दहा ओढगस्तीच्या मुलांनी मेहनतीच्या वाटीत सरासरी पाच दाणे टाकले आणि सावरलेल्या गटाने सहा, असं धरू. फरक एका दाण्याचा. अहवाल लिहिणारा म्हणेल, विशेष काही नाही. आता ती सहा मुलं शोधून काढली, त्यांची सरासरी अडीच आली. सोळांची मिळून बेरीज पन्नास अधिक पंधरा, म्हणजे सरासरी चार. गळालेल्या एकाने दुसऱ्या गटाची सरासरी फारशी हलत नाही. फरक दुप्पट झाला. तो फरक आधीही होता, फक्त यादीत नव्हता. सुरतेच्या लिंबायत-उधना भागात रविवारी जाऊन त्या मुलांना गाठण्याचा खर्च म्हणूनच टाळू नये.

दुसरा अडथळा यापेक्षा हट्टी आहे. २०२६मध्ये २१ वर्षांच्या या बॅचची तुलना २०१८ला दहावी झालेल्या, आज २४ वर्षांच्या बॅचशी केली आणि धाकटी बॅच जास्त निराश दिसली, तर तो महामारीचा ठसा की एकवीसाव्या वर्षाची नोकरीआधीची घालमेल? चालू वर्षातून जन्मवर्ष वजा केलं की वय येतं. या तीन गोष्टी एकमेकींना इतक्या जखडलेल्या आहेत की दोन धरल्या की तिसरी आपोआप ठरते. एकाच वेळच्या पाहणीतून त्या सुट्या करणारं कुठलंही गणित नाही. जो ‘कोरोना पिढी अशी आहे’ असं एका पाहणीवरून सांगतो, त्याने वय आणि पिढी यांची गल्लत केलेली असू शकते, आणि ते त्याला स्वतःलाही कळणार नाही.

वाट एकच उरते : त्याच वयाच्या, त्याच शाळेच्या मुलांमध्ये कोणाला किती लागलं यातला फरक पाहायचा. रेघेअलीकडची आणि पलीकडची घरं, घरात चालणारा मोबाईल होता ती आणि नव्हता ती, कर्ता माणूस गेला ती आणि न गेला ती. वय सारखं, वर्ष सारखं, म्हणून उरलेला फरक बराचसा फटक्याचा. बराचसा म्हणतो, कारण ओढगस्तीची घरं आधीपासूनच गरीब असतात. म्हणून फटक्याआधीची स्थिती वेगळी विचारावी लागते, म्हणजे जमीन किती, आईवडील किती शिकले, २०१९ला घरात कोणती वाहनं होती. हे आज विचारलं तरी बऱ्यापैकी खरं उत्तर येतं, कारण जमीन आणि मोटारसायकल माणूस विसरत नाही.

‘तेव्हा तुला कसं वाटलं होतं?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र आजच्या मनःस्थितीचं असतं. त्याऐवजी कागदावर महिन्यांचे चौकोन आखावेत आणि त्यावर दोन आखाज्या, पोळा, कानबाई, कापसाची पहिली वेचणी, दिवाळी एवढ्या खुणा कराव्यात. मग प्रत्येक चौकोनात काय केलं ते भरत जायचं : शाळा, मजुरी, कोणाच्या घरी राहिली, फोन कोणाचा वापरला, काय विकलं, कोणी ठरवलं. आपल्या मुलीच्या कागदावर २०२०च्या पोळ्याच्या चौकोनात ‘बैल नव्हते’ असं येतं. ‘कोणी ठरवलं’ हा रकाना भरताना ती आजोबांकडे पाहते. आजोबांचं म्हणणं होतं की दावणीला बैल उपाशी ठेवण्यापेक्षा विकलेले बरे, बहात्तरला आम्ही उशीर केला होता. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा ठसा त्या चौकोनात निर्णय होऊन उतरला, आणि त्याची किंमत नातीच्या पिढीने ट्रॅक्टरच्या भाड्यात मोजली. अकरावीला तालुक्याच्या गावी बसने पाठवायचं की नाही, हे जुलै २०२१ला ठरत होतं तेव्हा हंगामाचं ट्रॅक्टरचं बिल समोर होतं. मुलगी जवळच्या गावात कला शाखेला गेली. तिला विज्ञान हवं होतं.

पुढे फेब्रुवारी-मार्च २०२३ला या बॅचने बारावीचा पेपर खरोखर लिहिला. आयुष्यातली पहिली बोर्डाची परीक्षा, पूर्ण अभ्यासक्रमावर. राज्याचा निकाल ९१.२५ टक्के लागला, मागच्या दोन वर्षांपेक्षा कमी. तरी आमच्या नजरेत त्या परीक्षेचं मोल वेगळं आहे. तुटलेला धागा पुन्हा जोडायची ती पहिली जागा होती. म्हणून दाण्यांचा प्रश्न दोनदा विचारावा, एकदा ‘दहावीच्या वेळी तुला काय वाटायचं?’ असा नव्हे, तर ‘दहावीत तुझे गुण कशाने ठरले?’ आणि ‘बारावीत कशाने?’ असा. दुसऱ्या वेळी मेहनतीच्या वाटीत दाणे वाढले तर ठसा हलतो आहे. ज्यांनी बारावी दिलीच नाही, त्यांच्यासाठी दुसरी वेळ आलेलीच नसते, आणि त्यांच्या वाटीतले दाणे आहेत तिथेच राहतात.

धाकटा

एल्डरने दोन गट पाहिले होते. ओकलंडची मुलं १९२०-२१ची, मंदीत कामाला हात लावण्याएवढी मोठी. बर्कलीची १९२८-२९ची, तेव्हा अगदी लहान. लोकांना वाटतं मोठ्यांना जास्त लागलं असेल. दिसलं उलटं. ओढगस्तीच्या घरातल्या मोठ्या मुलांना घरात उपयोगाची जागा मिळाली, लहानांना, त्यातही मुलग्यांना, फक्त ताण मिळाला. त्यांच्यातले बरेच पुढे सैन्यातली नोकरी आणि त्यानंतरच्या सरकारी शिक्षणमदतीने सावरले, म्हणजे नंतर दार उघडलं म्हणून सावरले.

आपला धाकटा जून २०२०ला पहिलीत गेला तो कागदावर. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग राज्यात १ डिसेंबर २०२१ला सुरू झाले, जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद झाले. तोपर्यंत त्याची दुसरी निम्मी सरली होती. घरातला एक मोबाईल बहिणीच्या दहावीला होता, आणि तो निर्णय चुकीचा होता असं कोणी म्हणू शकत नाही. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ला ४२.१ टक्के होती, २०२२ला २६.६ टक्के. २०२२ला तिसरीत असलेली मुलं म्हणजे हीच, याच्याच वर्गातली. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर नेटवर्कच नव्हतं, आणि आश्रमशाळेतून घरी पाठवलेल्या मुलांचं तर पुस्तकासोबत दोन वेळचं जेवणही सुटलं.

या मुलाला मेहनत की नशीब हा प्रश्न आज विचारून उपयोग नाही, बारा वर्षांच्या मुलाकडे त्याचं उत्तर नसतं. त्याची तपासणी वेगळी आहे आणि पाच मिनिटांची आहे. २०२६च्या जूनमध्ये तो सातवीत जातो. त्याच्यासमोर दुसरीचा उतारा ठेवायचा आणि बोट लावून मोठ्याने वाचायला सांगायचं. जोडाक्षराशी बोट थांबतं का, शब्द अंदाजाने पुरा करतो का, ओळ संपल्यावर काय वाचलं ते सांगता येतं का, एवढं पाहायचं. अडखळला तर त्याला सातवीच्या शिकवणीला घालण्यात अर्थ नाही. जिथे अडलं तिथून, म्हणजे दुसरीच्या वाचनापासून, रोज अर्धा-पाऊण तास बसवावं लागतं. तेव्हा दहावीच्या परीक्षेला अजून पावणेचार वर्षं असतात.